झाड तोडू नका, पण… : ‘धर्मवचनं आणि निसर्ग’ या प्रकल्पाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकल्पात नेमकं करायचं काय?

एका धर्मपरंपरेतलं झाड तोडण्याबद्दलचं एकच वचन घ्यायचं. ते मूळ कुठे आणि कोणत्या प्रसंगी आलं, त्याचा पुढे नियम कसा झाला, त्या नियमाला कोणते अपवाद पडले, हे शोधायचं. शेवटी आम्ही दिलेल्या एका काल्पनिक प्रसंगाला तो नियम लावून पाहायचा. ‘सर्व धर्म निसर्गावर प्रेम करायला शिकवतात’ हे वाक्य दरवर्षी निम्म्या वह्यांच्या पहिल्या पानावर असतं. त्यासाठी काहीही वाचावं लागत नाही, म्हणून त्याला गुणही नाहीत.

फक्त झाडच का? नदी, प्राणी, हवा का नाही?

झाड तोडणं ही स्पष्ट कृती आहे. कुऱ्हाड पडली की नाही, हे सांगता येतं. धर्मशास्त्र लिहिणाऱ्यांनाही अशीच कृती हाताळायला सोपी जाते, म्हणून जवळपास प्रत्येक परंपरेत झाडाबद्दल नेमकं बोललेलं सापडतं: कोणतं झाड, कोणी, कशासाठी, तोडलं तर काय. ‘पृथ्वी ही माता आहे’ यासारख्या वचनावर वाद घालता येत नाही, कारण त्यातून कुणालाच काही मना होत नाही.

वचन निवडताना काय पाहायचं?

दोन गोष्टी. त्या वचनाने एखादी कृती मना केलेली असावी, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावर चर्चा केलेली असावी. स्तुतीपर वचनं यात बसत नाहीत. बायबलमधल्या ‘उत्पत्ति’ या पुस्तकातलं, माणसाला पृथ्वीवर सत्ता दिल्याचं वचन (१:२८) शक्यतो टाळा. १९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने ‘सायन्स’ नियतकालिकात पर्यावरणाच्या संकटाचं मूळ त्या विचारात शोधलं. तेव्हापासून त्यावर इतकं लिहिलं गेलंय की तुमच्या हाती सारांशाचे सारांशच लागतील.

एखादा नमुना करून दाखवाल का?

दाखवतो, आणि जरा सावकाश दाखवतो. बाकी सगळं यावरच उभं आहे.

वचन आहे बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं, २०:१९-२०. यहुदी परंपरेच्या तोरातलं हे पाचवं पुस्तक. प्रसंग युद्धाचा आहे. शहराला वेढा पडलाय आणि तो बरेच दिवस चाललाय. सैन्याला लाकूड हवंय. तिथे आज्ञा येते: त्या शहराच्या झाडांवर कुऱ्हाड चालवून त्यांचा नाश करू नकोस, त्यांची फळं तू खाऊ शकतोस, पण ती तोडू नकोस. लगेच पुढच्या ओळीत सूट आहे. जी झाडं खाण्याच्या उपयोगाची नाहीत असं तुला ठाऊक आहे, ती तोड आणि वेढ्याच्या कामाला लाव.

इथेच थांबून पहिली नोंद करा. हे वचन ‘झाडं’ वाचवत नाही, फळझाडं वाचवतं. आणि तेही शत्रूच्या मुलखातली, ऐन लढाईत, जेव्हा सैनिकाला कशाचीच पर्वा नसते तेव्हा.

आता मधली गोम. या दोन ओळींच्या मध्ये एक अर्धवट वाक्य आहे. त्याचे हिब्रू शब्द क्रमाने मांडले तर ‘कारण – माणूस – शेतातलं झाड’ असे येतात. मुळात प्रश्नचिन्ह नाही. ११व्या शतकातला भाष्यकार राशी याने ते प्रश्न म्हणून वाचलं: शेतातलं झाड म्हणजे काय माणूस आहे, की तू त्याला वेढा घालावास? अब्राहम इब्न एझ्रा याला हे पटलं नाही. त्याने ते विधान म्हणून वाचलं: माणसाचं जगणं म्हणजेच शेतातलं झाड, ते तोडशील तर स्वतःचंच अन्न तोडशील. पहिल्या वाचनात झाड निरपराध तिसरा आहे. दुसऱ्या वाचनात ते आपलं ताट आहे. प्रकल्पात अशी फट सापडली की ती बुजवू नका, दोन्ही वाचनं द्या.

पुढची पायरी नियमाची. याच आज्ञेतून ‘बाल तश्खीत’, म्हणजे ‘नाश करू नकोस’, हे तत्त्व घडलं. इसवी सनाच्या सुमारे ५०० पर्यंत आकाराला आलेल्या बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी आचार्यांच्या चर्चांच्या ग्रंथात, ‘बावा कामा’ या भागात (९१ब-९२अ), त्यावर चर्चा आहे आणि तिथे युद्ध मागे पडून शेती समोर येते. राव नावाचे आचार्य सांगतात की एक काव फळ देणारं खजुराचं झाड तोडायला मनाई आहे. काव हे माप. २४ अंड्यांच्या आकारमानाएवढं. म्हणजे एक छोटी टोपली भरेल एवढी फळं आली तरी झाड वाचलं. ऑलिव्हला त्याच्या चौथाईवरच संरक्षण मिळतं, कारण ते फळ जास्त मोलाचं.

लगेच रविना म्हणतात, झाडाच्या फळांपेक्षा त्याच्या लाकडाची किंमत जास्त येत असेल तर तोडायला हरकत नाही. नियमात इथे बाजारभाव शिरला. पण त्याच पानावर रब्बी हनिना यांचं एक वाक्य आहे. ते म्हणतात, माझा मुलगा शिवहत दुसऱ्या कशाने नाही, तर त्याने अंजिराचं झाड वेळेआधी तोडलं म्हणून गेला. हिशोबाच्या चर्चेत एका बापाचं दुःख असं मध्येच येतं, आणि संपादकांनी ते काढलेलं नाही.

त्याच चर्चेतला एक किस्सा मला फार आवडतो. श्मुएल नावाच्या आचार्यांना त्यांच्या बटाईदाराने खजूर आणून दिले. खाताना त्यांना त्यात द्राक्षारसाची चव लागली. विचारलं तर कळलं की खजुराची झाडं द्राक्षवेलींच्या मधोमध वाढली आहेत. म्हणजे ती वेलींचा कस ओढून घेतायत. श्मुएल म्हणाले, उद्या मला त्या खजुराची मुळं आणून दे. झाड तोडू नको म्हणणाऱ्या परंपरेतला हा माणूस झाडं मुळासकट उपटायला सांगतो, आणि तो नियम मोडत नाही. त्याच्या लेखी जास्त मोलाचं पीक वाचवणं म्हणजेच नाश न करणं.

मग नियम झाडापलीकडे पसरतो. तालमूदच्याच ‘शब्बात’ या भागात (६७ब) म्हटलंय की तेलाच्या दिव्यावर झाकण ठेवून तेल लवकर जाळणाराही ‘नाश करू नकोस’ ही आज्ञा मोडतो. १२व्या शतकात यहुदी विधिज्ञ मायमॉनिडीस यांनी सगळं एकत्र बांधलं: भांडी फोडणं, कपडे फाडणं, इमारत पाडणं, झरा बुजवणं, अन्न नासवणं, हे सारं नासधुशीच्या रीतीने करायला मनाई. ‘नासधुशीच्या रीतीने’ हे शब्द अधोरेखित करा. मनाई तोडण्याला नाही, विनाकारण तोडण्याला आहे. दुसऱ्याच्या शेताला किंवा झाडांना त्रास होत असेल तर फळझाडही तोडता येतं, हे मायमॉनिडीस स्वतः सांगतात.

एवढा प्रवास दाखवला की नमुना पूर्ण झाला: वेढा, काव, बाजारभाव, दिव्याचं तेल. तुमच्या वचनाचा प्रवास इतका लांब नसेल तरी चालेल.

अपवाद एवढे मांडले तर वचनाची किंमत कमी होत नाही का?

उलट. नियम कशासाठी आहे हे त्याच्या अपवादातच कळतं. वरच्या नमुन्यातले सगळे अपवाद एकाच दिशेने जातात: माणसाचा उपयोग. ज्या झाडाचा फळ म्हणून काहीच उपयोग नाही, त्याला या नियमात फारसा आधार नाही. एखाद्या जंगली झाडावर पाखरांची शेकडो घरटी असली तरी ‘बाल तश्खीत’ त्याकडे त्या नजरेने बघत नाही. ही मर्यादा लिहिणं म्हणजे त्या धर्माचा अपमान नव्हे.

वेदांत किंवा स्मृतींत असं काही घेता येईल?

येईल, आणि तिथे मार्ग वेगळा दिसतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात उपपातकांच्या यादीत ‘इन्धनार्थमशुष्काणां द्रुमाणामवपातनम्’ असं आहे, म्हणजे सरपणासाठी ओली झाडं पाडणं. ‘अशुष्क’ हा एक शब्द सगळं काम करतो. वाळकं लाकूड घ्या, उभं ओलं झाड नको. त्याच अध्यायात पुढे फळझाड तोडल्याचं प्रायश्चित्त आहे: शंभर ऋचांचा जप. आणि पाचव्या अध्यायात सांगितलंय की यज्ञासाठी मरण पावलेल्या वनस्पती, झाडं आणि पशू वरच्या जन्माला जातात. मनाई, प्रायश्चित्त आणि सूट, तिन्ही एकाच ग्रंथात.

पण मी असतो तर स्मृती सोडून यूप घेतला असता. यूप म्हणजे यज्ञातला, पशू बांधायचा खांब. त्यासाठी झाड तोडावंच लागतं, आणि ते कसं तोडायचं याचे मंत्र तैत्तिरीय संहितेत आहेत. अध्वर्यू, म्हणजे यज्ञातली कामं करणारा पुरोहित, झाडाजवळ जातो आणि म्हणतो की मी इतर झाडांना ओलांडून आलो. मग तो झाडाच्या बुंध्यावर दर्भाची एक काडी आडवी धरतो आणि म्हणतो, ‘ओषधे त्रायस्वैनम्’, हे वनस्पती, याचं रक्षण कर. कुऱ्हाडीला म्हणतो, ‘स्वधिते मैनं हिंसीः’, कुऱ्हाडी, याला इजा करू नकोस. आणि घाव घालतो. झाड पडल्यावर उरलेल्या खुंटावर तुपाची आहुती देतो आणि त्याला सांगतो, ‘शतवल्शो वि रोह’, शंभर फांद्यांनी पुन्हा वाढ. आणि आम्हालाही हजार फांद्यांनी वाढू दे.

गवताची एक काडी कुऱ्हाड अडवत नाही, हे मंत्र म्हणणाऱ्यालाही माहीत होतं. मग ती कशाला? याला ढोंग म्हणायचं की अपराधाची कबुली, यावर तुमचं मत मागितलेलं आहे. मला ती कबुली वाटते. तुम्हाला तसं वाटायलाच हवं असं नाही. खुंट राखण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. अनेक झाडं बुंध्यापासून कापली तर खुंटातून पुन्हा फुटतात, म्हणजे ती प्रार्थना झाडाच्या खऱ्या वागण्याला धरून आहे.

बौद्ध भिक्खूंना झाड तोडायला मनाई होती ती अहिंसेमुळेच ना?

काही अंशी. विनय, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, यातली कथा वाचा, मग लिहा. आळवी या गावचे भिक्खू विहार बांधण्यासाठी झाडं तोडत होते. एका झाडात राहणाऱ्या देवतेने विनवलं, स्वतःचं घर करण्यासाठी माझं घर पाडू नका. भिक्खूने ऐकलं नाही. घाव देवतेच्या मुलाच्या हाताला लागला. देवतेला त्या भिक्खूला मारून टाकावंसं वाटलं, पण ती आधी बुद्धांकडे गेली. त्यांनी तिच्या संयमाची प्रशंसा केली आणि राहायला दुसरं झाड दाखवलं. इकडे लोक कुरकुर करू लागले की हे श्रमण एका इंद्रियाच्या जीवाला त्रास देतात. मग नियम झाला: वनस्पतीचा नाश केल्यास पाचित्तिय, म्हणजे दुसऱ्या भिक्खूपुढे कबूल करायचा दोष.

नियमामागे तीन कारणं आहेत: देवतेचं घर, झाडातला जीव, आणि लोक काय म्हणतील ते. तिसरं कारण मुलं नेहमी गाळतात, कारण ते फारसं उदात्त वाटत नाही. गाळू नका. भिक्खू भिक्षेवर जगतो. ज्यांच्या हातून अन्न मिळतं त्यांच्या भावनेचं त्याला भान ठेवावंच लागतं.

या नियमाची बारीक बाजूही मजेची आहे. मूळ, खोड, पेर, शेंडा आणि बी, ज्या ज्या भागातून रोप उगवू शकतं ते सगळे भाग यात येतात. म्हणून उगवू शकणारं बी असलेलं फळही भिक्खूने तसंच खायचं नाही. आधी कुणीतरी गृहस्थ त्यावर सुरीने किंवा नखाने खूण करतो, मग ते खाण्याजोगं होतं.

माझ्या वचनाच्या अगदी उलट वचन त्याच ग्रंथात सापडलं. आता काय?

अभिनंदन, तुमचा प्रकल्प आता सुरू झाला. फळझाडं तोडू नका म्हणणाऱ्याच बायबलमध्ये (२ राजे ३:१९) अलीशा हा संदेष्टा मवाबविरुद्धच्या लढाईत सांगतो, प्रत्येक चांगलं झाड पाडा, झरे बुजवा, चांगली शेतं दगडांनी खराब करा. आणि सैन्य ते करतं. काही भाष्यकार म्हणाले, ती आज्ञा त्या एका युद्धापुरती होती. दुसरे म्हणाले, मनाई वेढ्याच्या वेळेपुरती आहे, कारण तेव्हा ती फळं तुमच्याच कामाची असतात.

इस्लाममध्ये अशीच जोडी आहे. पहिले खलिफा अबू बक्र (कारकीर्द ६३२ ते ६३४) यांनी सीरियाकडे निघालेल्या सेनापतीला दिलेल्या सूचना इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या संग्रहात आहेत. बायका, मुलं, वृद्ध यांना मारू नका. फळझाडं तोडू नका. खाण्यासाठी लागेल त्याखेरीज मेंढी-उंट मारू नका. दुसरीकडे कुराणातलं ५९:५ हे वचन मदिनेतल्या बनू नदीर टोळीच्या वेढ्यात तोडलेल्या खजुरांबद्दल आहे: जी झाडं तुम्ही तोडली किंवा उभी ठेवली, ते देवाच्या परवानगीने. मग विधिज्ञांत फूट पडली. अल-औझाई अबू बक्रांच्या सूचनेला धरून राहिले. मालिक यांनी तोडायला परवानगी दिली. म्हणजे ज्यांच्या संग्रहात ती सूचना जपली गेली, त्यांनीच तिला शेवटचा शब्द मानलं नाही.

उलट वचन लपवलंत आणि आम्हाला ते सापडलं, तर ते वहीत नाही हे आम्ही लाल शाईने लिहू.

इंटरनेटवर एक छान सुभाषित मिळालं. वापरू का?

अध्याय-श्लोक मिळाला तर. ‘दहा पुत्रांच्या बरोबरीचं एक झाड’ हे वाक्य जिथेतिथे ‘वेदात म्हटले आहे’ असं छापलेलं दिसतं. ते मत्स्यपुराणातलं आहे. तिथे पार्वतीने अशोकाचं रोप पुत्र म्हणून वाढवायला घेतलंय आणि त्यावर प्रश्न आल्यावर ती उत्तर देते: दहा विहिरींइतकी एक बारव, दहा बारवांइतकं एक तळं, दहा तळ्यांइतका एक पुत्र, दहा पुत्रांइतकं एक झाड. प्रसंग कळला की वाक्य घोषणा राहत नाही.

त्याहून वाईट उदाहरण सिएटल या अमेरिकी आदिवासी प्रमुखाचं. त्याने १८५४ मध्ये भाषण केलं; त्याची पहिली छापील आवृत्ती १८८७ ची, तीही दुसऱ्याने आठवणीतून लिहिलेली. आज फिरतो तो पर्यावरणावरचा सुंदर मजकूर टेड पेरी या पटकथाकाराने १९७०च्या सुमारास एका चित्रपटासाठी लिहिला. ओळखायची खूण सोपी आहे: जुनं वचन आजच्या पर्यावरणदिनाच्या फलकासारखं वाचलं जात असेल तर संशय घ्या. जुने लोक कुऱ्हाड, तूप, खजूर, वेढा यांबद्दल बोलतात. ‘पर्यावरण’ याबद्दल नाही.

मूळ भाषा येत नसेल तर?

दोन वेगवेगळी भाषांतरं समोरासमोर ठेवा. जिथे ती वेगळी पडतात तिथे मूळात काहीतरी अडखळण्यासारखं आहे, हे नक्की.

शेवटचा प्रसंग कोणता, आणि तो सोडवायचा कसा?

प्रसंग असा: एका संस्थेच्या आवारात जुनं फळझाड आहे. फळं कमी येतात, पण येतात. मुळांमुळे शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेलाय. संस्थेला तिथे वाहनं उभी करायला जागाही हवी आहे. तोडायचं का?

‘बाल तश्खीत’ लावून बघू. पहिला प्रश्न, फळं किती? टोपलीभर आली तरी मनाई लागू. दुसरा, लाकडाची किंमत फळांपेक्षा जास्त का? जुन्या पोकळ झाडाची बहुधा नाही. तिसरा, दुसऱ्याचं नुकसान होतंय का? होय, भिंत. इथे तोडायला वाट मिळते, पण नियम विनाकारण नाशाविरुद्ध असल्यामुळे आधी विचारावं लागेल की नुसती मुळं छाटून भागेल का. राहिली वाहनांची जागा. १३व्या-१४व्या शतकातले यहुदी विधिज्ञ आशेर बेन येहिएल यांनी झाडाची जागा हवी असेल तर ते तोडायला परवानगी दिली आहे. म्हणजे संस्थेच्या बाजूनेही आधार आहे, आणि तो तुम्हाला आवडला नाही तरी लिहावा लागेल.

तोच प्रसंग विनयाला दिला तर उत्तर चटकन येतं आणि फारसं उपयोगी पडत नाही: भिक्खूने तोडायचं नाही, ‘तोड’ असं कुणाला सांगायचंही नाही. गृहस्थांना हा नियम लागूच नाही. मनुस्मृती विचारेल, कशासाठी? सरपणासाठी नाही, म्हणजे ते उपपातक लागत नाही; पण फळझाड आहे, तेव्हा प्रायश्चित्त आहे. एक परंपरा विचारते की नुकसान कुणाचं, दुसरी विचारते की कुऱ्हाड कुणाच्या हातात, तिसरी विचारते की हेतू काय. उत्तर ‘तोडा’ की ‘तोडू नका’ यापेक्षा तुमची परंपरा कोणता प्रश्न विचारते, हे आम्हाला वाचायचं आहे.

नियमातून उत्तर निघालंच नाही तर?

तसं लिहा आणि कुठे अडलं ते दाखवा. यूपाच्या मंत्रांतून वाहनतळाचा निर्णय निघणार नाही. ओढूनताणून काढलात तर ते लगेच दिसतं.

आपल्याच धर्मातलं वचन घ्यायचं का?

बंधन नाही. आपलं घेतलं तर माहिती घरात मिळते, पण अपवाद लिहिताना हात आखडतो. दुसऱ्याचं घेतलं तर उलटं होतं, अपवादच जास्त रंगतात. आपण कुठल्या बाजूला झुकतोय ते एका ओळीत नोंदवा.

लांबी आणि मांडणी?

हाताने लिहिलेली दहा-बारा पानं, गटात जास्तीत जास्त तिघं. निम्मी पानं नियमाच्या प्रवासाला, उरलेली अपवादांना आणि प्रसंगाला. मुखपृष्ठावर हिरव्या पृथ्वीचं चित्र काढण्यात वेळ घालवू नका. काढायचंच असेल तर बुंध्यावर धरलेली दर्भाची काडी काढा.